एकट्याच्या पगारावर आर्थिक स्वातंत्र्य: आकडा कसा काढायचा?

एक प्रश्न नेहमी असा येतो: मुलुंडला स्वतःचं घर, कमावता मी एकटाच. दोन मुलं, आई-बाबा सोबत. महिन्याचा खर्च ८०,०००. पगाराशिवाय घर चालावं यासाठी किती रक्कम जमवावी लागेल?

बहुतेक जण वर्षाच्या खर्चाला थेट ३० ने गुणतात: २ कोटी ८८ लाख. आकडा बघूनच धीर सुटतो, पण त्यात मुलांची फी आणि आई-बाबांची औषधंही जन्मभराची धरली जातात.

खर्च वेगळा करा. समजा तुम्हा नवरा-बायकोचा ४५,०००, मुलांचा २०,००० आणि आई-बाबांचा १५,००० आहे. ३० ची पट फक्त पहिल्याला, म्हणजे १ कोटी ६२ लाख. मुलांचे १२ वर्षांचे २८.८ लाख, आई-बाबांचे १५ वर्षांचे २७ लाख. एकूण सुमारे २ कोटी १८ लाख, आजच्या भावाने. शेवटच्या दोन रकमांवरचं व्याज निदान महागाईइतकं हवं, नाहीतर त्या आधीच संपतील. कॉलेजचा खर्च यात नाही, तो वेगळा धरा.

हे गणित बिघडतं ते हॉस्पिटलच्या बिलाने. आई-बाबांना तुमच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र आरोग्य विम्यात, घालू नका. प्रीमियम सर्वांत मोठ्या वयावर ठरतो आणि विम्याची रक्कमही सगळ्यांत वाटली जाते. त्यांची पॉलिसी वेगळी घ्या. आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तोवर ५-६ लाख एफडीत ठेवा.

टर्म इन्शुरन्सही दोन घ्या. विवाहित महिला संपत्ती कायद्याखालच्या पॉलिसीचे पैसे फक्त बायको-मुलांना मिळतात, आई-बाबांना नाही. त्यांच्यासाठी दुसरी, साधी पॉलिसी लागते.