वास्तुपूजनाच्या दिवशी माईकवर आभार मानताना किती नावं घ्यावीत?

प्रश्न: आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मे महिन्यात नव्या घराचं वास्तुपूजन आहे, तीनेकशे माणूस जेवायला येईल. बाबा नाहीत, म्हणून माईकवर दोन शब्द मलाच बोलायचे आहेत. मदत केलेल्यांची यादी त्रेचाळीस नावांवर गेली आहे. सगळी वाचली तर लोक कंटाळतील, काही गाळली तर रुसतील. काय करू?

उत्तर: त्रेचाळीस नावं वाचू नका. एका नावाला, त्यामागच्या भाऊ-काकाजीसकट आणि त्यांनी काय केलं त्यासकट, पाच सेकंद धरले तरी साडेतीन मिनिटं नुसत्या नावांत जातात. शिवाय नावं सुरू झाली की मंडपातला प्रत्येक माणूस आपलं नाव कधी येतं याकडे कान लावून बसतो. त्रेचाळीस घेतली तरी चव्वेचाळिसावा रुसतोच.

माईकवर कामं सांगा. काम सांगितलं की ते करणारे सगळे त्यात आपोआप येतात, आणि "आपलं ध्यानात ठेवलं" हे त्यांना कळतं. "सर्व ज्ञात-अज्ञात मदतनीसांचे आभार" या वाक्यानं मात्र कोणाचंच समाधान होत नाही, कारण ते कुठल्याही कार्यक्रमात चालतं. "स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवलं होतं, तेव्हा रोज पहाटे ज्यांनी मोटर चालू केली" असं म्हटलं की तिसऱ्या रांगेतल्या माणसाची मान वर होते.

आता तुमची यादी. ती आठवेल तशी झाली असणार, म्हणून तिच्यात शेवटच्या महिन्यातली माणसं जास्त आणि पायव्याच्या वेळची कमी असतील. एका कोऱ्या पानावर घराचे टप्पे लिहा: जुनं घर पाडणं, पायवा, जोता, भिंती, स्लॅब, प्लास्टर, फरशी, रंग, आणि शेवटी हा कार्यक्रम. प्रत्येक टप्प्यापुढे चारच गोष्टी विचारा. पाणी कुठून आलं? सामान कोणाच्या अंगणात ठेवलं? रात्री राखण कोणी केली? मजुरांचा चहा-भाकर कोणी सांभाळला? आणि हे एकट्यानं करू नका. आईला विचारा, बायकोला विचारा, घरातल्या शाळकरी पोराला विचारा, पण वेगवेगळं. सिमेंटच्या थैल्या कोणी उतरवल्या हे तुम्हाला माहीत असतं. कोणाच्या घरून विरजण आलं, स्वयंपाकाचा गंज आला, पाहुण्यांसाठी चार गाद्या आल्या हे आईलाच ठाऊक. आणि तुम्ही बाजारात गेले असताना ट्रॅक्टरला वाट दाखवायला कोण धावलं, हे पोरगं सांगतं. रुसवे बहुतेक या दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीतून निघतात.

मग ही सगळी नावं पाच-सहा कामांत बसवा. तुम्ही यादी पाठवलेली नाही, पण आपल्याकडच्या घराचा साधारण हिशोब असा निघतो: घर उभं होईतो राहायला जागा देणारे, पाणी देणारे, सामान आणि राखण पाहणारे, बांधणारे हात, मंडप आणि पंगतीची पोरं, स्वयंपाकाच्या बाया. त्रेचाळीसातली चाळीस तरी यात बसतील. उरलेल्या दोन-तीन जणांचं काम खरंच कशात बसत नाही, त्यांचंच नाव घ्या. एकूण नावं पाचाच्या वर जाऊ देऊ नका, आणि ज्याचं नाव घ्याल त्याच्या नावापुढे एकट्यानं केलेलं काम लागलंच पाहिजे. नाहीतर "त्यांचंच काऊन घेतलं?" हे पंगतीत ऐकू येतं.

नाव घेताना मान सगळ्यांना सारखा द्या. सरपंच "साहेब" आणि मिस्त्री नुसत्या नावानं, असं माईकवर फार वाईट ऐकू येतं. दोघांनाही भाऊच म्हणा. बाईचं नाव घ्यायचं तर तिचं स्वतःचं, "अमक्याच्या घरचे" नको. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, वायरमन, रेजा यांनी मजुरी घेऊन काम केलं आहे, तेव्हा त्यांना "मदत केली" म्हणू नका, "घर यांच्या हातचं आहे" म्हणा. मिस्त्र्याला टोपी-दुपट्टा द्यायचा असेल तर तो याच वाक्याला द्या, वेगळा कार्यक्रम करू नका. घरच्यांना तर "आभार" हा शब्दच लागू करू नका. सख्ख्या चुलत्याला आभार म्हटलं की त्याला परकं केल्यासारखं वाटतं. "काकाजीनं केलं" एवढं पुरतं.

काही गोष्टी मात्र माईकवर येऊच नयेत. हातउसने पैसे ज्यांनी दिले त्यांचा उल्लेख करू नका, "अडीअडचणीला उभे राहिले" असा आडवळणानं सुद्धा नाही. गावाला लगेच कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात आणखी दोघं उसने मागायला उभे राहतात. त्यांच्याकडे बुंदीचा डबा घेऊन घरी जा. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून मिक्सर चालवला असेल तर तेही जाहीर करू नका, घरगुती मीटरची वीज दुसऱ्याच्या बांधकामाला देणं त्याच्या अंगाशी येऊ शकतं. रेती कोणी मिळवून दिली हे तर विसरूनच जा, मंडपात तहसीलचं कोणी बसलेलं असतं. घरकुलाचं अनुदान असेल तर "ग्रामपंचायतीचे सगळे मेंबर आणि कर्मचारी" एवढंच म्हणा. एका पुढाऱ्याचं नाव घेतलं की दुसऱ्या पॅनलची माणसं न जेवता उठायचीही तयारी ठेवतात.

बाबांचा उल्लेख सुरुवातीलाच करा, एका वाक्यात. लोक तो शेवटी ठेवतात, आणि नेमका शेवटी आवाज दाटला की पाण्याच्या, पंगतीच्या माणसांबद्दल बोलायचं राहून जातं. सुरुवातीला दाटला तर एक घोट पाणी पिऊन पुढे जाता येतं.

बोलायची वेळ आरती झाल्यावर, पंगत बसायच्या आधी. पानं वाढून झाल्यावर बोलू नका. मे महिन्यात मंडपाखाली लहान पोरं आणि म्हातारी माणसं कासावीस होतात, आणि वाढलेली पोळी वाळत असताना कोणी ऐकत नाही. माईकवर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून दीडशे-पावणेदोनशे शब्द लिहा. घरी बोलता तसंच बोला. "उपस्थित मान्यवर" म्हटलं की तुमची आजीसुद्धा इकडेतिकडे पाहते. नमुना देतो, वऱ्हाडीतच:

"राम राम मंडळी. दोन मिनिटं घेतो, मंग पंगत बसते. हे घर पाहाची बाबांची लय इच्छा होती, आज ते असते तर तुमाले दारातच घ्यायले उभे राहिले असते. जुनं घर पाडलं तवा आमी मोठ्या काकाजीच्या दोन खोल्यांत राह्यलो. काकाजीनं एक दिवस जानवू देलं नाही का आमी पाहुने आहो. मोहल्ल्यात पानी एक दिवसाआड येते, तरी आमच्या हौदात कमी पडू देलं नाही. कोनी मोटर देली, कोनी पाइप देला, कोनी पान्याचा एक गुंड आनून ओतला, त्या एका गुंडाचंही मोल आमाले माहीत आहे. सिमेंट ज्यायच्या अंगनात होतं, अन् रात्री कुत्रं भुकलं का जे उठून पाहत होते, त्यायच्या भरोशावर आमी झोपलो. भिंत-स्लॅब मिस्त्रीभाऊ, त्यायचे गडी अन् रेजा बाया यायच्या हातचा आहे, घर त्यायच्या नावानं वळखा. मंडप पोरायनं रात्री बारापर्यंत बांधला. आतमंधी ज्या बाया पहाटपासून पोया लाटून राह्यल्या, ज्यायनं सांबार निवडला, भांडे देले, लेकरं सांभाळले, त्यायले माह्या आवाज चुलीपाशी जात असन तर सांगतो, आजचं जेवन तुमच्या हातचं आहे. माह्या ध्यानातून कोनी सुटलं असन तर घर तुमचंच आहे, येऊन कान धरा. चला, हात धुवा."

हे दीडशे शब्दांच्या थोडं वर आहे. यात एकच माणूस, मोठे काकाजी, वेगळा सांगितला आहे, कारण ते काम त्यांच्या एकट्याचं आहे. "एक गुंड" हा शब्द मुद्दाम आहे. सगळ्यात लहान मदत नाव घेऊन सांगितली की तिच्याहून मोठी करणाऱ्याला आपण त्यात आहोत हे वेगळं सांगावं लागत नाही. सुटलेल्यांचं वाक्य एकदाच म्हणा. तीन वेळा माफी मागितली की लोक कोण सुटलं ते शोधायला लागतात.

यातली एक अडचण कोणी आधी सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते अर्धे लोक त्या वेळी मंडपात नसतात. बाया चुलीपाशी, पोरं पानं आणि पाणी मांडण्यात, आचारी गंजाजवळ. म्हणून आदल्या दिवशी साऊंडवाल्याला एक भोंगा स्वयंपाकाच्या बाजूला तोंड करून बांधायला सांगा, आणि बोलायच्या आधी एक माणूस तिकडे पाठवून आवाज येतो का ते पाहा. मिक्सर किंवा पंखा चालू असेल तर तेवढी दोन मिनिटं बंद ठेवायला सांगा.

आणि शेवटची पंगत बसेल, म्हणजे वाढणारी पोरं, आचारी आणि घरच्या बाया, तेव्हा माईक घेऊ नका. तोवर साऊंडवाला वायर गुंडाळत असतो, तेही बरंच. बुंदीची परात तुम्ही स्वतः हातात घ्या आणि प्रत्येकाच्या पानापाशी जाऊन वाढा. ज्यांची नावं माईकवर घेतली नाहीत ती सगळी इथे घ्यायला वेळ असतो: "शेजारच्या वहिनी, गंज तुमचा होता, उद्या घासून पाठवतो." पानावर बसलेली माणसं मोजकी असतात, त्यामुळे यादी खिशात असली तरी चालेल. तिसऱ्या दिवशी कोणी दिसलं आणि त्याचं काम तेव्हा आठवलं, तर "त्या दिवशी तुमचं नाव राहिलं" असं रस्त्यात म्हणू नका. त्याच्या घरी जाऊन ते काम काय होतं ते सांगा, आणि चहा घेऊन या.