इन्सेंटिव्ह लांबला, टीमला काय लिहू?

"बियाणं कंपनीत एरिया मॅनेजर आहे, बसतो नागपूरला. हाताखाली अकरा पोरं आहेत, काटोल-उमरेडपासून यवतमाळपर्यंत. एप्रिल ते जूनचा इन्सेंटिव्ह जुलैच्या पगारात येणार होता, आता येत नाही. ग्रुपवर टाकायचा मेसेज तीनदा लिहून खोडला. कारण सांगितलं तर वाद होतो, तारीख दिली तर मी अडकतो. काय लिहू?"

त्यांनी सोबत आणलेला मसुदा असा होता: "काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे इन्सेंटिव्ह वितरणास विलंब होत असून रक्कम लवकरच जमा करण्यात येईल. आपले सहकार्य अपेक्षित आहे."

सेल्सच्या माणसाला हे वाचून दोनच गोष्टी सुचतात: कंपनीकडे पैसा नाही, किंवा स्लॅब बदलून रक्कम कापणार आहेत. खरं कारण विचारलं, तर ते अगदी साधं निघालं. कपाशीची न विकलेली पाकिटं कृषी केंद्रांकडून जुलैत परत येतात. इन्सेंटिव्ह हा माल परत आल्यानंतरच्या निव्वळ विक्रीवर असतो. यंदा माल वाडीच्या डेपोत उशिरा पोचत होता, म्हणून क्रेडिट नोटा निघायच्या राहिल्या आणि कोणाची निव्वळ विक्री किती, हेच ठरेना. लपवण्यासारखं यात काही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी लिहिलं, "डेपोच्या ढिलाईमुळे". तेही काढायला लावलं. कारण सांगताना काय अडलंय ते लिहावं, कोणी अडवलंय ते नाही. नाव घेतलं की पोरं दुसऱ्याच दिवशी डेपोच्या इन्चार्जला फोन लावतात, आणि ज्याच्याकडून क्रेडिट नोटा काढून घ्यायच्या तोच रुसून बसतो.

खरी भीती तारखेची होती. ती अंदाजाने दिली तर माणूस अडकतोच, म्हणून आम्ही ती एकेक टप्पा मोजत आणली. उरलेला माल डेपोत ५ ऑगस्टपर्यंत येईल. तपासणी आणि क्रेडिट नोटांना १२ तारीख. मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी, म्हणून प्रत्येकाचा हिशेब १८ ला. हरकतींना २० पर्यंत वेळ. त्यानंतर अकाउंट्सची मंजुरी आणि बँक. सगळं सुरळीत झालं तर २२ ला पैसे पडले असते. आम्ही २५ धरली. मग ही तारीख अकाउंट्सप्रमुखांना मेल करून "चालेल" असं लेखी घेतलं. ही पायरी बरेच जण गाळतात. पगाराची माहिती पाठवायची मुदत टळली की रक्कम आपोआप पुढच्या महिन्यात जाते आणि खोटा पडतो मॅनेजर. म्हणून ही रक्कम पगारात न धरता वेगळी टाकायचं ठरलं.

शेवटी गेलेला मेसेज:

"नमस्कार. एप्रिल-जूनचा इन्सेंटिव्ह ३१ जुलैच्या पगारात येणार नाही, तो २५ ऑगस्टला वेगळा जमा होईल. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा अजून पूर्ण झालेल्या नाहीत, त्यामुळे निव्वळ विक्री ठरायची आहे. स्लॅब आणि टक्केवारी तीच आहे. जुलैचा पगार वेळेवर होईल. १८ ऑगस्टला प्रत्येकाला आपला हिशेब मेलवर मिळेल. काही चुकलं वाटलं तर २० पर्यंत मला कळवा. ठरलेल्या वेळी पैसे देता आले नाहीत, याबद्दल दिलगीर आहे."

पहिल्याच वाक्यात वाईट बातमी आणि नवी तारीख दोन्ही आहेत, कारण फोनच्या स्क्रीनवर आधी तेवढंच दिसतं. "स्लॅब तीच" हे वाक्य मुद्दाम घातलं. न विचारलेल्या प्रश्नाला ते उत्तर आहे. दिलगिरी एकदाच. "सहकार्याबद्दल आभार" काढून टाकलं, कारण ज्याचे पैसे अडकलेत त्याने सहकार्य कबूल केलेलं नसतं.

मेसेज २९ जुलैला गेला. ३१ ची संध्याकाळ रिकामी गेल्यावर तोच मजकूर सारवासारव वाटला असता. मेसेज टाकण्याआधी दोघांना त्यांनी स्वतः फोन केला: एकाचा गाडीचा हप्ता याच पैशावर होता, दुसरा नोकरी सोडून चालला होता. सोडणाऱ्याची रक्कम अंतिम हिशेबात जाते, तिची तारीख वेगळी. ती ग्रुपवरच्या मेसेजात बसत नाही.

ग्रुपवर पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला: "सर, पोळ्याच्या आधी होईल ना?" मोह होता "नक्की" म्हणायचा. त्यांनी लिहिलं, "२५ ऑगस्ट. त्याआधी झालं तर सांगतो, पण धरून चालू नका."

एक गोष्ट त्यांनी डायरीत लिहून घेतली: १८ ला हिशेब निघाला नाही, तर २५ ची वाट न पाहता त्याच दिवशी टीमला कळवायचं, नव्या तारखेसकट.