‘मला बोलू द्या’ की ‘बोलून घेऊ द्या’?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात शेतीखात्यात आहे. तालुक्याच्या आढावा बैठकीत एक सहकारी भाऊ माझं वाक्य पुरं होऊच देत नाहीत. परवा कपाशीतल्या कामगंध सापळ्यांबद्दल सांगत होते, “फवारणीची शिफारस आत्ताच करायची...” की लगेच त्यांचं सुरू, “करायचीच! औषध कोणतं ते सांगतो.” मला ‘नाही’ म्हणायचं होतं. माणूस चांगला आहे, वयानंही मोठे आहेत. व्हॉट्सॲपवर एकट्यांना हलकासा निरोप टाकायचा आहे. ‘मला बोलू द्या’ लिहू की ‘बोलून घेऊ द्या’? आणि वऱ्हाडीत लिहू की प्रमाण भाषेत?

उत्तर:

ताई, तुमच्या निरोपाचं निम्मं काम त्या अडकलेल्या ‘नाही’नंच करून ठेवलं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागून येतो. त्यामुळे वाक्य मधेच तुटलं की नुसतं अपुरं राहत नाही, कधी कधी उलटं होतं. ‘करायची’पर्यंत ऐकणाऱ्याला होकार आणि नकार दोन्ही शक्य असतात, आणि तुमच्या भावांनी त्यातला होकार उचलला. गुलाबी बोंडअळीसाठी दर सापळ्यात ८ पतंग सलग ३ रात्री आले, तर फवारणीचा विचार करायचा, हे तुमच्या खात्यात सगळ्यांनाच माहीत. तुमच्याकडे समजा पाच-सहाच पतंग येत असतील, तर त्या एका ‘नाही’वर शेतकऱ्याची एक फवारणी वाचते. म्हणजे तक्रार मानापमानाची नाही, क्रियापदाची आहे. निरोपात हेच धरा.

आता तुमचे दोन पर्याय. ‘मला बोलू द्या’ व्याकरणानं चोख आहे, पण टीव्हीवरच्या वादात माणसं हेच ओरडत असतात. लिहिलेलं वाचतानाही तोच आवाज कानात येतो. शिवाय त्यात मुळातच बोलू न दिल्याचा आरोप आहे. भाऊ म्हणतील, मी कुठं बोलू दिलं नाही? बोललाच की तुम्ही! आणि अर्धं त्यांचंही खरं असेल.

‘बोलून घेऊ द्या’ थोडं मऊ आहे. ‘घेणं’ जोडलं की काम आपल्यापुरतं उरकून टाकण्याची छटा येते: जेवून घेते, लिहून घेते, तसं बोलून घेते. पण त्यातून ‘मला एकदा मनातलं सगळं ओकू द्या’ असाही सूर निघतो, जो भांडणाच्या तयारीत असलेल्या माणसाचा असतो. मी दोन्ही सोडून ‘पुरं करू द्या’ घेईन, आणि तेही ‘एवढं वाक्य पुरं करू द्या’ असं. मागणी एका वाक्याएवढी लहान झाली की ती नाकारणं जड जातं.

‘बोलू देत जा’ मात्र टाळा. ‘-त जा’ लावलं की सवयीवर बोट जातं आणि ते मोठ्यानं लहानाला सांगितल्यासारखं होतं: अभ्यास करत जा, वेळेवर येत जा. वयानं मोठ्या सहकाऱ्याला ते चालणार नाही. ‘कृपया’ही नको, त्यानं निरोप देवळाबाहेरच्या ‘कृपया चपला येथे काढा’ या पाटीसारखा वाचला जातो. ‘मधे मधे’, ‘तोंड घालणं’, ‘लुडबुड’ यांबद्दल सांगायलाच नको.

खरी युक्ती क्रियापदांच्या जोडीत आहे. तोडणं-तुटणं, सोडणं-सुटणं, अडकवणं-अडकणं. पहिल्यात करणारा लागतो, दुसऱ्यात घटना आपोआप घडते. ‘तुम्ही माझं वाक्य तोडलं’ म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. ‘माझं वाक्य तुटलं’ म्हटलं की दोघंही त्या तुटलेल्या वाक्याकडे बघता. झालेल्या गोष्टीसाठी हे दुसरं रूप वापरा. पण मागणीत ते वापरू नका. ‘वाक्यं अर्धी राहून जातात हो’ एवढंच लिहिलं तर भाऊ ‘हो नं, फार गडबड असते बैठकीत’ असं उत्तर देऊन मोकळे होतील, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. तेव्हा घडलेलं ‘तुटलं’नं सांगा आणि मागणं ‘द्या’नं मागा.

भाषा वऱ्हाडी की प्रमाण? जी रोज तोंडी असते ती. रोज वऱ्हाडीत बोलणाऱ्या माणसानं अचानक प्रमाण मराठीत लिहिलं की ते कार्यालयीन पत्र वाटतं, आणि भाऊ लगेच विचारतील, काय झालं, रागावली का? वऱ्हाडीत तुमच्या कामाचा एक प्रयोगही आहे. ‘मी सांगून राहिली होती’ म्हटलं की सांगणं चालू होतं, संपलं नव्हतं, हे एकाच क्रियापदात येतं. पुण्याकडच्या माणसाला ‘सांगून’मुळे सांगणं आटोपलं असं वाटेल, पण आपल्याकडे अर्थ सरळ ‘सांगत होते’ असा. भाऊ बदलून आलेले, दुसऱ्या भागातले असतील तर मात्र हा प्रयोग गाळा, नाहीतर गंमत त्यावरच होईल.

‘नं’ जरूर ठेवा. लिहिताना आवाज नसतो, तिथं आर्जवाचं काम हे एक अक्षर करतं. ‘बरं का’ ठेवू नका, त्याला मास्तरकीचा वास येतो. (मी स्वतः मास्तरकी केली आहे, वास ओळखतो.)

सगळं जुळवून मी असं लिहीन:

“भाऊ, परवा पतंगाचा आकडा सांगून राहिली होती, अन् वाक्य ‘करायची’पाशीच तुटलं. माह्यं ‘नाही’ तोंडातच राहिलं नं! 😄 पुढच्या बैठकीत तेवढं क्रियापद पुरं करू द्या, मंग औषधाचं तुम्हीच सांगा.”

शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. त्यात त्यांची पाळी त्यांना परत मिळते, आणि औषधाची माहिती त्यांना जास्त आहे हेही कबूल होतं. पाठवायच्या आधी वर नाव एकट्याचंच आहे ना, हे बघा. तालुक्याच्या ग्रुपवर पडलं तर यातला एकही शब्द हलका राहणार नाही.

एक सावधगिरी. गावच्या पारावर कुणी गोष्ट सांगत असला की ऐकणारे ‘हो नं’, ‘मंग?’ असा हुंकार देतात, कधी वाक्यही पुरं करून देतात. तिथं ते ऐकत असल्याची खूण असते. भाऊ बैठकीत तेच करत असतील तर त्यांना अडवल्याचं भानही नसेल. ओळखायचं असं: हुंकारानंतर बोलणं तुमच्याकडे परत येतं का? येत असेल तर निरोपाची गरजच नाही. येत नसेल, आणि क्रियापद त्यांचंच लागत असेल, तर वरचा निरोप पाठवा. आणि ते दरवेळी तुमचं म्हणणं खोडूनच काढत असतील, तर ही गंमत तिथं लागू पडणार नाही. ते चहावर समोर बसून बोलायचं.

निरोपानंतरही बैठकीत झालंच पुन्हा, तर दुसरा निरोप लिहू नका. तिथंच हसून म्हणा, “भाऊ, क्रियापद!” बाकीच्यांना काही कळणार नाही, त्यांना कळेल.