‘जमा’ झालं म्हणजे ‘वसूल’ झालं का?

प्रश्न: मी लातूरला सीएंकडे आर्टिकलशिप करते. एका डाळमिलच्या ऑडिटमध्ये ग्राहकांच्या कन्फर्मेशन पत्रांना धड उत्तरं आली नाहीत, म्हणून ३१ मार्चनंतर खात्यांत काय आलं ते पाहिलं आणि रकान्याला ‘नंतरची वसुली’ असं नाव दिलं. सरांनी ते खोडून ‘नंतरची जमा’ केलं. ‘शिल्लक पुष्टी’ खोडून ‘कबुली’ लिहिलं. हा नुसता शब्दांचा फरक आहे का?

सरांची पहिली दुरुस्ती अगदी नेमकी आहे. दुसरी मला अर्धीच पटते.

‘वसूल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ ‘पोहोचणं’. ‘जमा’चा मूळ अर्थ ‘एकत्र येणं, गोळा होणं’. जुन्या महसुली दप्तरात ‘जमा-वासिल-बाकी’ अशी त्रयी असे. जमा म्हणजे आकारलेली रक्कम, वासिल म्हणजे हाती आलेली आणि बाकी म्हणजे राहिलेली. ‘जमाबंदी’ या शब्दात तो आकारणीचा अर्थ आजही टिकून आहे. म्हणजे या भाषेत जमा आणि वसूल पूर्वीपासूनच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापारी खतावणीत जमेचा अर्थ बदलला: खात्याच्या जमा बाजूला पडलेली कुठलीही नोंद म्हणजे जमा. ती पैशाची असेल, क्रेडिट नोटची असेल, नाहीतर पैसे न हलता एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेल्या हवाल्याची. तुमच्या रकान्यात नेमकं हेच सगळं एकत्र आलं असणार.

आडत बाजारातल्या आणि डाळमिलच्या खतावण्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे एक खातं उदाहरण म्हणून मांडतो. आकडे सोयीचे घेतले आहेत. नांदेडच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे ३१ मार्चला १८,४०,००० रुपये येणे आहे. एप्रिल-मेमध्ये त्या खात्यात १५,००,००० जमा दिसतात. ‘वसुली’ असं शीर्षक दिलं की ऐंशी टक्क्यांच्या वर पैसे आले असं वाटतं आणि पान उलटलं जातं.

आता एकेक जमा उलगडून बघा. ८ एप्रिलला आरटीजीएसने ६,००,००० आले. व्यापाऱ्याने सोबत पाठवलेल्या तपशिलात फेब्रुवारीच्या दोन बिलांचे नंबर आहेत आणि बँकेच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव त्याचंच आहे. ही वसुली. २२ एप्रिलला ४,५०,००० आले, पण ते ५ एप्रिलच्या बिलाचे. जुन्या मालावरून कुरबूर सुरू झाल्यापासून मिल त्याच्याकडून नव्या मालाचे पैसे बिलागणिक वेगळे घेते. हे पैसे खरे आहेत, मात्र मार्चच्या बाकीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. मुनीमजींनी सवयीने ते सर्वांत जुन्या बिलाला लावले, एवढंच. ३० एप्रिलची ३,१०,००० ची जमा क्रेडिट नोटची आहे. १२ मेचा १,४०,००० चा चेक १५ मेला न वटता परत आला. त्याची नोंद नावे बाजूला आहे, म्हणून फक्त जमा बाजू बघणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. पंधरा लाख जमेत वसुली निघाली सहा लाख.

म्हणून पडताळणीची दिशा बँकेच्या उताऱ्याकडून खात्याकडे हवी. उताऱ्यात एका व्यापाऱ्याचं नाव आणि खतावणीत दुसऱ्याचं, असं दिसलं तर तिथे थांबा. कधी ते भावाच्या पेढीने भरलेले पैसे असतात आणि त्याचं पत्र मिळतं. कधी मात्र एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात टाकून जुनी उधारी झाकलेली असते.

क्रेडिट नोटवर जरा जास्त वेळ घालवा. ती जमा बाजूला बसते, पण वसुलीच्या अगदी उलट गोष्ट सांगते: एवढे पैसे येणार नाहीत. तिच्यावरची तारीख बघून भागत नाही, कारण बघावं लागतं. ही ३० एप्रिलची नोट २६ मार्चला गेलेल्या गाडीची आहे. डाळीत ओलावा निघाला म्हणून दरात कटौती दिली. दोष माल निघाला तेव्हाच होता, म्हणजे मार्चअखेरचं येणं ३,१०,००० ने फुगलेलं होतं. ते त्याच वर्षात कमी करायला हवं. तीच नोट एप्रिलमध्ये ठरलेल्या एखाद्या नव्या सवलतीची असती, तर मार्चला हात लावायचं कारण नव्हतं. मार्चनंतरच्या सगळ्या क्रेडिट नोटा नंबरांच्या क्रमाने लावा आणि परत आलेल्या मालाच्या रजिस्टरशी जुळवा. माल मार्चमध्ये परत आलेला आणि नोट अजून फाडलेलीच नाही, असंही सापडतं.

१८,४०,००० मधून सहा लाखांची वसुली आणि ३,१०,००० ची कटौती वजा जाता उरले ९,३०,०००. त्यातले ४,१०,००० कोणी नाकारलेले नाहीत, ज्या बिलापोटी तो परतलेला चेक होता तेही यातच. त्यासाठी मागणी, बिल, काटा पावती, बिल्टी आणि व्यापाऱ्याची सही-शिक्क्याची पोच बघायची. ‘पोच’ म्हणजे माल पोचल्याची खूण, आणि वसूल म्हणजे पैसे पोचणं. मालाच्या पोचेने येणं खरं आहे हे ठरतं, पैसे मिळतील हे ठरत नाही. चेक परत आल्यावर तो दुसरा प्रश्न उघडाच राहतो, तो वेगळा लिहा.

राहिलेले ५,२०,००० डिसेंबरच्या मालाचे. व्यापाऱ्याने जानेवारीतच ‘माल डागी आहे, पैसे देणार नाही’ असं कळवलं होतं. याला ‘बुडीत’ म्हणू नका, ‘वादातली बाकी’ म्हणा. बुडीत म्हणजे देणाऱ्याची ऐपत किंवा नियत गेली. वादात तो देणंच मान्य करत नाही. मिलचे असे आधीचे वाद किती कटौतीवर मिटले ते पाहून रकमेचा अंदाज बांधावा लागतो. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये २०२१ च्या दुरुस्तीपासून येण्यांच्या वयाच्या तक्त्यात वादातली आणि बिनवादाची येणी वेगळी दाखवावी लागतात. तुमची मिल कंपनी असेल तर हा शब्द थेट ताळेबंदात जातो.

आता ‘कबुली’. याच व्यापाऱ्याचं पत्र ‘बरोबर’ अशा शिक्क्यानिशी आलं आहे असं समजा. जानेवारीत पाच लाख नाकारणारा माणूस एप्रिलमध्ये सगळे १८,४०,००० बरोबर म्हणतो? तेही मिलच्या पाकिटातून, मिलच्याच माणसाच्या हातून? पुष्टीबद्दलच्या एसए ५०५ या ऑडिट मानकाला पत्र पाठवणं आणि उत्तर घेणं ऑडिटरच्या हातात हवं असतं ते याचसाठी. मिलच्या हातून फिरून आलेल्या कागदाला मी कबुली म्हणणार नाही. उत्तरच न येणं तर अजून लांब. ‘मौनं संमतिलक्षणम्’ इथे चालत नाही, ‘काही कळवलं नाही तर शिल्लक बरोबर समजू’ अशा पत्रांचा पुरावा म्हणूनच दुबळा धरतात.

त्यामुळे मी दोन्ही शब्द ठेवीन. पत्र पाठवण्याच्या कामाला ‘पुष्टी मागवली’ आणि देणेकऱ्याने थेट तुम्हाला रकमेसह होकार दिला तरच ‘कबुली’. रकान्याला ‘नंतरची जमा’ हेच नाव राहू द्या, आणि त्यापुढे एक नवा रकाना आखा: ‘पैकी मार्चअखेरच्या बाकीची वसुली’. या खात्यात तिथे ६,००,००० येतील.