दुपारचं भांडं आणि दहा कपाचा थर्मास

प्रश्न: माझी चहाची टपरी आहे, दिवसभर गिऱ्हाईक असतं, गल्ला पण बरा जमतो, तरी महिनाअखेरीस हातात काहीच राहत नाही. खर्च रोज वहीत लिहिते. पैसा नक्की कुठे जातोय हे शोधायचं कसं?

उत्तर:

माझी पण टपरीच आहे, त्यामुळे जे झालं ते सांगते. आकडे पैशात देत नाही कारण तुमच्याकडचा दुधाचा आणि चहाचा रेट वेगळा असणार, सगळं कपातच सांगते, मला स्वतःलाही तसंच कळलं होतं.

माझ्याकडेही खर्चाची वही होती. दूध एवढं, साखर एवढी, गॅस, पोराचा पगार, आणि रात्री गल्ला. दोन वर्षं लिहिली असेल. त्या वहीनं मला एवढंच सांगितलं की पैसा कमी पडतोय, आणि ते तर वही न लिहिताही माहीत होतं. पैशाच्या वहीत एक गोष्ट दिसतच नाही, ती म्हणजे आणलेल्या दुधाचे कप किती व्हायला पाहिजे होते आणि पैसे किती कपाचे आले.

खरं सांगायचं तर माझा पहिला संशय पोरावर होता, म्हणजे माझ्याकडे कामाला आहे तो. गल्ल्यावर मी नसले की तोच असतो ना. तोंडावर काही बोलले नाही पण वागण्यात यायला लागलं होतं, गल्ल्याची चावी मी कमरेला लावायला लागले आणि त्याला ते कळत होतं. वही नव्यानं सुरू केली ती पण खरं तर त्याला पकडायला, हे कबूल करते.

तर नवीन वहीत पैसे नाहीच लिहायचे असं ठरवलं. एक भांडं चढवलं की एक ओळ. किती वाजता चढवलं, दूध किती, पाणी किती, वरून काही घातलं का, कप किती निघाले, तळाशी किती टाकून दिलं. बस. पेन्सिल दोरीनं गॅसच्या शेगडीजवळच बांधली कारण पेन शोधायला गेलं की लिहिणं राहतंच.

कप मोजणं हा मोठा वैताग होता. सकाळच्या गर्दीत रेघा मारायच्या ठरवल्या तर पहिले दोन दिवस अर्ध्या रेघा विसरले, वही सगळी ओली. मग बाटल्यांची झाकणं जमवली, एका डब्यात चाळीस झाकणं, एक कप भरला की एक झाकण दुसऱ्या डब्यात, ट्रेमध्ये सहा भरले तर सहा. भांडं संपलं की दुसऱ्या डब्यातली मोजायची आणि ओळीत लिहायचं. थर्मास भरला तर मात्र झाकण नाही टाकायचं, वेगळं लिहायचं "थर्मास १", का ते पुढे येईल. हे जमायला आठवडा गेला, त्या आठवड्याचे आकडे मी फेकून दिले, तुम्हीही फेका, ते कच्चेच असतात.

माझं भांडं म्हणजे 2 लिटर दूध आणि 1 लिटर पाणी. तीन लिटरचे तीन लिटर कधीच मिळत नाहीत, उकळताना थोडं उडतं, पत्ती थोडं पिऊन बसते, गाळून हातात साधारण 2.7 लिटर येतो. माझा कप भरतो 80 मिलीचा (हे मापानं मोजून बघा, अंदाजानं नको, मी वर्षानुवर्षं 70 समजत होते). म्हणजे भांड्याला 33 कप. आणि सकाळच्या ओळी बघितल्या तर खरंच 33, 34, 32, 33 असंच येत होतं, जीव जरा भांड्यात पडला.

दुपारच्या ओळी मात्र 26, 27, 25. तेच दूध, तेच पाणी, तोच हात. आणि त्यात "वरून दूध" च्या रकान्यात प्रत्येक भांड्याला पाव लिटर, कधी त्याहून जास्त. म्हणजे दूध जास्त आणि कप कमी! आधी वाटलं दुपारीच पोरगा हात मारतोय, कारण जेवायला मी दुपारीच जाते. पण नेमका त्या आठवड्यात तो दोन दिवस गावाला गेला होता, त्या दोन दिवशी दुपारी मी एकटी होते, आणि वहीत काय, 26 आणि 26. मी वही मिटून बसले थोडा वेळ. चावी दुसऱ्या दिवशी खिळ्यावर परत लावली, बोलले काहीच नाही, त्यानंही विचारलं नाही.

मग तिसऱ्या दिवशी दुपारचं भांडं चढवलं, तयार झालं तेव्हा मापानं मोजलं, बरोबर 2.7. परत भांड्यात ओतून नेहमीसारखं मंद आचेवर ठेवलं, झाकण न घालता, कारण वास आला की गिऱ्हाईक थांबतं असा आपला समज. एक पण कप न विकता तासानं परत मोजलं तर 2.2. अर्धा लिटर हवेत! म्हणजे सहा कप. सकाळी भांडं वीस मिनिटांत रिकामं होतं म्हणून उडायला वेळच मिळत नाही, दुपारी तेच भांडं दीड-दीड तास शेगडीवर बसतं.

यात एक गोम आहे आणि ती मला उशिरा कळली. उडतं ते पाणी, दूध उडत नाही. मग वरून पाणीच घालायला पाहिजे ना? पण तोपर्यंत पत्ती भांड्यातच असते, उकळून उकळून चहा कडू झालेला असतो, पाणी घातलं तर कडू आणि पातळ दोन्ही होतो, म्हणून हात आपोआप दुधाकडे जातो. म्हणजे उडालं फुकटचं पाणी आणि त्याच्या जागी मी घालत होते विकतचं दूध, दिवसाचं मिळून लिटरभर. आणि एवढं करून तळाचा कप-दोन कप करपट चहा शेवटी गटारातच. गॅस जळला तो वेगळाच.

दुसरी गळती थर्मासची, ही तर डोळ्यासमोर होती. आजूबाजूच्या ऑफिसांत दिवसाला सहा थर्मास जातात, "दहा कपाचा थर्मास" म्हणून दहा कपाचे पैसे. थर्मास त्यांचे स्वतःचे, आम्ही फक्त भरून द्यायचा. ज्या भांड्यातून थर्मास भरला त्या ओळीत दहा धरूनही बेरीज 33 ला जुळेना, दोन-तीन कप कमीच, म्हणून एका दुपारी सगळे थर्मास पाण्यानं गळ्यापर्यंत भरून मोजले. एक 900 मिलीचा निघाला, चार जवळजवळ लिटरचे, आणि एक 1200 चा. दहा कप म्हणजे 800. लिटरच्या थर्मासात साडेबारा कप जातात हो! सहांचे मिळून पंधरा कप रोज, आणि भरताना आपणच कौतुकानं गळ्यापर्यंत भरतो, अर्धवट दिसला तर बरं दिसत नाही म्हणून.

आता हिशोब, आणि इथे मी पहिल्यांदा चुकले होते म्हणून सांगते. दिवसाला आठ भांडी, 33 च्या हिशोबानं 264 कप व्हायला पाहिजेत. दुपारच्या तीन भांड्यांत सात-सात गेले, म्हणजे 21, थर्मासात 15, पैसे आले 228 कपांचे. मी लगेच 36 कप गुणिले चहाचा भाव केलं आणि डोक्याला हात लावला. पण तसं नसतं. गळती थांबली म्हणून उद्या 36 गिऱ्हाईकं जास्त येणार नाहीत, मी फक्त तेवढा चहा कमी बनवेन, म्हणजे वाचणार तो त्या कपांचा माल, विक्रीचा भाव नाही. माझ्याकडे एका कपाच्या मालाला भावाच्या अर्ध्याहून थोडं कमी लागतं, म्हणजे 36 कपाचे झाले पंधरा-सोळा, वर लिटरभर दुधाचे चार-पाच, मिळून वीसेक कपाचे पैसे रोज.

वीस कप 228 मध्ये काहीच वाटत नाही. पण 228 मधून माल, भाडं, पगार, गॅस सगळं जाऊन मला उरत होते साधारण 45 कपाचे पैसे. वीस त्याच्यासमोर ठेवून बघा. मी विक्रीशी तुलना करत होते तोपर्यंत मला ते किरकोळच वाटत होतं.

उपाय काही भारी नाही. दुपारी एक लिटर दुधाचं छोटं भांडं, तयार झालं की लगेच गाळून आपल्याच थर्मासात, गॅस बंद. तासभर चव चांगली राहते, दीड तासानंतर मला तरी ती उतरलेली वाटते म्हणून तेवढाच करते. वासाची भीती होती ना, तर छोटं भांडं दुपारी चार-पाचदा चढतंच, वास येतोच. आता लिटरमागे तेवढेच कप निघतात जेवढे सकाळी, एखादा इकडे तिकडे. एक तोटा आहे, अचानक दहा जण आले तर त्यांना पाच मिनिटं थांबावं लागतं आणि त्यातले दोघं-तिघं निघून जातात, ते मी सोडून दिलंय.

थर्मासचं जरा अवघड गेलं. आधी 800 वर खूण करून तेवढाच भरायला लागले तर तिसऱ्याच दिवशी बोलणं आलं, "ताई, आजकाल कमी देता". बरोबरच आहे त्यांचं, त्यांना वर्षभर साडेबारा मिळत होते. मग सरळ सांगितलं की थर्मास पूर्ण भरून देते, लिटरवाल्याचे बारा कप लावणार, मोठ्याचे चौदा, छोट्याचे अकरा, वरचा अर्धा-एक माझ्याकडून. पाण्यानं भरून मापून दाखवलं सुद्धा. पाच जण तयार झाले, थोडी कुरकुर करून.

एक ऑफिस सुटलं. 1200 चा थर्मास त्यांचाच होता.