ए1ची बॅच आणि फीचा हिशेब

*प्रश्न : मी सांगलीत राहते. जर्मनची बी2 परीक्षा पास आहे. घरून ऑनलाइन शिकवायचं आहे. विद्यार्थी कुठून आणू, फी किती ठेवू आणि बी1पर्यंत शिकवते असं सांगू का?*

सध्या फक्त ए1, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी शिकवा. आपली पातळी शिकवायच्या पातळीच्या निदान दोन पायऱ्या वर असली, तर अनपेक्षित प्रश्नालाही बिचकायला होत नाही.

ए1साठी सगळ्यात निकडीचे विद्यार्थी म्हणजे जर्मनीतल्या जोडीदाराकडे जाणारे. व्हिसासाठी त्यांना बहुधा ए1चं प्रमाणपत्र लागतं. मात्र जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड असेल तर ही अट सहसा नसते, म्हणून फी घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. गरज नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्या कुटुंबाच्या ओळखीतूनच तुमचा पुढचा विद्यार्थी येईल. तुमच्या स्वतःच्या जर्मनच्या वर्गातले जे तिकडे गेले, त्यांना आधी कळवा.

गोएथे इन्स्टिट्यूटची ए1 परीक्षा 100 गुणांची असते, पास व्हायला 60 लागतात. मुलं अडकतात ती बोलण्याच्या भागात. परीक्षक नावाचं स्पेलिंग विचारतात. शिंदे आडनावाची मुलगी सवयीने शेवटच्या E ला ‘ई’ म्हणते, पण जर्मनमध्ये ‘ई’ म्हणजे I आणि E म्हणजे ‘ए’. म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज एकेकाला आपलं नाव, गाव आणि फोन नंबर सांगायला लावा. आकड्यांत मात्र आपली मराठी कामाला येते. आपण ‘एकवीस’ म्हणतो, एक आधी आणि वीस नंतर. जर्मनमध्येही ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’, म्हणजे एक आणि वीस. मुलांना इंग्रजीतून आकडे मोजू देऊ नका. लेखनात छोट्या पत्रासाठी तीन मुद्दे देतात. एक राहिला की गुण गेले, म्हणून लिहिलेल्या मुद्द्यावर टिक करायची सवय लावा.

आता फी. 45 मिनिटांचे 80 तास धरले तर घड्याळाचे 60 तास होतात. तयारी आणि वह्या तपासणं याला आणखी 30 तास, चौकशीचे फोन आणि डेमो यांना 5. एकूण 95 तास. तासाला 500 रुपये सुटावेत असं वाटत असेल, तर बॅचचे 47,500 व्हायला हवेत. पाच जण घेतले तर प्रत्येकी 9,500. पण मध्येच कुणीतरी सोडतंच, म्हणून भागाकार चारने करा : 11,875, म्हणजे 12,000. नवशिके फक्त 60 तास मोजतात आणि तिथेच फसतात.

ही रक्कम तीन हप्त्यांत आणि प्रत्येक हप्ता आगाऊ घ्या. परीक्षेची फी वेगळी आहे, हे पहिल्याच फोनवर सांगा. बॅच पाचच्या पुढे नेऊ नका, कारण मग प्रत्येकाला रोज बोलायला मिळणार नाही.