‘सगळंच कच्चं आहे’ असं सरांना कसं लिहू?

‘आयईएलटीएसची इंग्रजी परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. सरांना मेल करून जादा लेसन मागायचेत, पण काय लिहू? सगळंच कच्चं वाटतंय, आणि तसं लिहिलं तर सर म्हणतील इतके दिवस काय केलंस!’

असं म्हणत एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मेलचा ड्राफ्ट मोबाईलवर तयार होता, ‘सर, माझं रीडिंग आणि रायटिंग खूप वीक आहे, प्लीज हेल्प’, बस एवढाच. म्हटलं हे बाजूला ठेव आणि शेवटच्या दोन मॉकचे पेपर काढ. रीडिंगला 40 पैकी 26 बरोबर होते. मग चुकलेल्या 14 प्रश्नांपुढे एकेक करून कारण लिहायला लावलं, ‘मला येत नाही’ हे कारण चालणार नाही असं आधीच सांगून. निघालं काय, तर 7 चुका नुसत्या फॉल्स आणि नॉट गिव्हनच्या गोंधळाच्या, शेवटच्या पॅसेजचे 5 प्रश्न वेळ संपला म्हणून कोरे, आणि 2 ठिकाणी स्पेलिंग.

त्या 7 मधला एक तर मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. उताऱ्यात पूल कधी बांधला एवढंच होतं, आणि विधान होतं की पूल सरकारी पैशातून बांधला. तिने फॉल्स लिहिलं, का तर ‘उताऱ्यात सापडलं नाही’. अगं, सापडलं नाही तर नॉट गिव्हन, उतारा उलट बोलत असेल तरच फॉल्स! ती दोन मिनिटं गप्पच बसली. खरं तर हे शिकवणं माझं काम नाही, पण राहवलं नाही.

रायटिंगचंही तसंच. टास्क 1 ला 20 मिनिटं धरायची तिथे ही 30 घालवायची, मग टास्क 2 ला 250 शब्द हवेत तिथे 210 वर हात थांबायचा, आणि मार्कांत टास्क 2 चं वजन दुप्पट. म्हणजे इंग्रजीपेक्षा घड्याळच नडत होतं.

मग मेल तिनेच परत लिहिला:

‘सर, परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. दोन मॉक तपासले, पेपर जोडलेत. रीडिंगमध्ये फॉल्स/नॉट गिव्हनला 7 चुका, शेवटचे 5 प्रश्न वेळेअभावी कोरे. रायटिंगमध्ये टास्क 1 ला 30 मिनिटं जातात, टास्क 2 अपुरा राहतो. चार लेसन मिळतील का? दोन नॉट गिव्हनसाठी, दोन तुमच्यासमोर वेळ लावून रायटिंगसाठी. लिसनिंग, स्पीकिंग सध्या नको. मंगळवार, शुक्रवार संध्याकाळी मी मोकळी आहे.’

‘लिसनिंग नको’ लिहिताना ती अडली, सरांना उद्धट वाटेल म्हणाली. मी म्हटलं राहू दे, नाहीतर सर पुन्हा पहिल्यापासून सगळं घेत बसतील आणि चार लेसन असेच जातील.

सरांचं उत्तर त्याच रात्री आलं, रागावणं वगैरे काही नाही. नॉट गिव्हनला एकच लेसन पुरेल म्हणाले, उरलेला लेसन शेवटचा पॅसेज वेळेत कसा उरकायचा यावर घेऊ, आणि मंगळवारी येताना टास्क 1 चा 20 मिनिटांत लिहिलेला एक पेपर घेऊन ये, अपुरा असला तरी.